लांब मुदत, चढता हप्ता

गृहकर्ज घेताना बँकेतला अधिकारी विचारतो, "मुदत किती वर्षांची ठेवू?" बहुतेक जण हप्ता किती बसतो ते पाहून उत्तर देतात. पगार दरवर्षी वाढणार असेल, तर एवढ्यावर निर्णय घेणं महागात पडतं.

पुण्यात खासगी नोकरी करणाऱ्या, तिशीतल्या एका कर्जदाराचं उदाहरण धरू. पगार हातात एक लाख येतो, कर्ज ५० लाखांचं आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४९,२३७ रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ३८ लाख ६३ हजार होतं. २५ वर्षांची घेतली तर हप्ता ४०,२६१ रुपयांवर येतो, पण व्याज ७० लाख ७८ हजारांच्या घरात जातं. महिन्याचे नऊ हजार वाचवण्यासाठी ३२ लाख जास्त मोजायचे, हे कागदावर वेडेपणाचं दिसतं.

पण ते नऊ हजार कोणत्या वर्षी वाचतात, हेही बघायला हवं. घर घेतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत ओढीची असतात. स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि घरातलं फर्निचर यांत साठवलेलं सगळं संपलेलं असतं. अशा वेळी निम्मा पगार हप्त्यात गेला, तर एखादं आजारपण किंवा नोकरीतला खंड झेपत नाही. तोच पगार दरवर्षी सात टक्क्यांनी वाढला, तर आठव्या वर्षी एक लाख साठ हजारांवर जातो आणि ४९ हजारांचा हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाहूनही कमी राहतो. म्हणजे छोट्या मुदतीचा सगळा ताण सुरुवातीलाच येतो.

म्हणून माझं मत असं, की अशा कर्जदाराने मुदत २५ वर्षांची घ्यावी आणि दरवर्षी पगारवाढ झाली की हप्ता पाच टक्क्यांनी वाढवावा. पहिल्या वाढीला हे जेमतेम दोन हजार रुपये होतात, आणि पगार सात हजारांनी वाढलेला असतो. दर तोच राहिला, तर हे कर्ज साडेतेरा वर्षांच्या आतच फिटतं. एकूण व्याज सुमारे ३९ लाख होतं, म्हणजे १५ वर्षांच्या कर्जाइतकंच. तेराव्या वर्षी हप्ता ७२ हजारांवर गेलेला असतो, पण तोवर पगार सव्वादोन लाखांवर पोचलेला असतो. शिवाय एखाद्या वर्षी पगारवाढ झाली नाही, तर हप्ता आहे तिथेच ठेवता येतो. १५ वर्षांच्या कर्जात ही मोकळीक पहिल्या दिवसापासून नसते.

मात्र हप्ता वाढवायचा राहून गेला, तर लांब मुदत फार कच्ची ठरते. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याजच ३५,४१७ रुपये आहे, मुद्दलात जेमतेम ४,८४४ रुपये जातात. आता फ्लोटिंग दर सुरुवातीलाच साडेनऊ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज फिटायला जवळपास ४३ वर्षं लागतील. तेवढ्याच दरवाढीने १५ वर्षांच्या कर्जाला फक्त सव्वादोन वर्षं जास्त लागतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जांची मुदत हप्ता न बदलता लांबत गेली. त्यानंतर, ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याचा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायला हवा. तेव्हा बँकेचा असा संदेश आला, की तो न वाचता सोडू नका; झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

हप्ता वाढवण्यासाठी बँकेकडे अर्ज द्यावा लागतो आणि खात्यातून आपोआप पैसे जाण्याची मंजुरीही नव्याने द्यावी लागू शकते. बँक हप्ता वाढवून देत नसेल, तर बोनस हाती आला की वर्षातून एकदा एकरकमी भरणा करा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंड घेता येत नाही. भरताना "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा" असं लेखी द्या. नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते, आणि मग व्याजातली बचत बरीच घटते. नंतर कर्जखात्याचा उतारा मागवून शिल्लक मुदत किती महिन्यांनी घटली ते तपासा.

१५ वर्षांचा हप्ता भरूनही सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे तुमच्या खात्यात शिल्लक राहणार असतील, तर थेट १५ वर्षंच घ्या. पंचेचाळिशीनंतर कर्ज घेणाऱ्यांनीही लांब मुदतीच्या भरवशावर राहू नये, कारण पगार वाढण्याची वर्षं त्यांच्याकडे थोडीच उरलेली असतात. बाकीच्यांनी २५ वर्षांच्या कागदावर सही करण्याआधी, येत्या पगारवाढीला हप्ता किती रुपयांनी वाढवणार, तो आकडा ठरवून ठेवावा. तो ठरवायची तयारी नसेल, तर २५ वर्षांची मुदत घेऊ नका.