पळत्या पैशाचा पाठलाग

सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका कुंकू करणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. सांगलीच्या हळदीच्या अडत्याच्या नावाने त्यांच्या मोबाइलवर निरोप आला, की खाते बदलले आहे, आगाऊ रक्कम नव्या खात्यावर पाठवावी. त्यांनी ४८,००० रुपये पाठविले. थोड्या वेळाने अडत्याला फोन केला, तेव्हा उत्तर आले, "अहो, मी निरोप धाडलाच नाही!"

गृहस्थ संतापून त्या ठकालाच जाब विचारणार होते; पण त्यामुळे चोर सावध होऊन अधिक घाई करतो. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, आधी १९३० लावा."

ही घाई कशासाठी? असा पैसा प्रथम कोणा भाडोत्री माणसाच्या खात्यात पडतो. तेथून तो दोन-तीन खात्यांत वाटला जातो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. जोवर तो खात्यात आहे, तोवर बँक त्याला अडवू शकते; नोटा हाती पडल्यावर बँकेचा इलाज चालत नाही. २०२१ साली भारत सरकारने सुरू केलेल्या व्यवस्थेत तक्रार थेट संबंधित बँकेकडे पोहोचते. पैसा तेथून पुढे गेला असेल, तर ती बँक पुढच्या बँकेचे नाव कळविते आणि पाठलाग चालू राहतो.

१९३० वर पोलिसांनी बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. यूपीआयच्या व्यवहारात हा क्रमांक बारा आकडी असतो. मुलीने तो मोबाइलवरून वाचून दाखविला. ठकाचा निरोप तिने पुसू दिला नाही, कारण तोच पुरावा होता. फोन लागला नसता, तर वाट पाहत न बसता cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदविता आली असती. फोनवर तक्रार दिल्यावरही, मिळालेल्या नोंदणी क्रमांकाच्या आधारे सविस्तर माहिती तेथे चोवीस तासांच्या आत भरावयाची असते.

मग बँकेला फोन झाला. तिचा क्रमांक त्यांनी पासबुकावरून घेतला. इंटरनेटवर शोधलेला क्रमांक कित्येकदा दुसऱ्या ठकाचाच निघतो! येथे पिन कोणाला सांगितलेला नव्हता. पिन किंवा ओटीपी सांगितला असता, तर खात्यावरील व्यवहारही तत्काळ बंद करवावे लागले असते.

समजा, त्या तासात १९,००० रुपये रोख निघून गेले आणि २९,००० दुसऱ्या खात्यात अडले. अडलेली रक्कमही लगेच हाती येत नाही. पोलिसांची चौकशी व्हावी लागते, कधी न्यायालयाचा आदेशही लागतो. याच काळात एखादा गोड आवाज फोनवर म्हणतो, "पाच हजार भरा, तुमचे पैसे सोडवून देतो." तो सरकारी माणूस नव्हे, पहिल्या ठकाचाच तो भाऊबंद.