वाचून न येणाऱ्या गटाला पाठवायचा संदेश

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी मुलंमुली पूर्वीही गट करून अभ्यास करत. पण २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि गटाचं कामच बदललं. पर्याय निवडायच्या परीक्षेची तयारी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून एकट्यानंही होत असे. लिहिलेलं उत्तर कुठे कच्चं आहे, हे मात्र ते दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय सहसा कळत नाही. म्हणून पाच-सहा जण आठवड्यातून दोनदा जमतात, आधी एक प्रकरण नेमतात, त्यावर उत्तरं लिहितात आणि एकमेकांची तपासतात. महिना-दीड महिना बरा जातो. मग कुणी ना कुणी न वाचता येऊ लागतं.

यात आळस किती आणि गटाची रचना किती, हे आधी पाहायला हवं. समजा, आजचं प्रकरण राज्यपालांचं आहे. सहांपैकी दोघांनी ते वाचलेलं नाही. ज्यांनी वाचलंय त्यांच्यातली एक भल्या मनाची मुलगी म्हणते, ‘थांबा, मी पटकन सांगते.’ कलम १५३ पासून सुरुवात होते, पाऊण तास जातो आणि उत्तरलेखन पुढच्या वेळेवर ढकललं जातं. न वाचणाऱ्या दोघांना आयतं प्रकरण मिळालं. जिनं आदल्या रात्री जागून वाचलं, तिला आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगावं लागलं. पुढच्या आठवड्यात तीही निम्मंच वाचून येते. तयारी करणाऱ्याचं नुकसान आणि न करणाऱ्याचा फायदा, असा हा व्यवहार होऊन बसतो. तो मोडल्याशिवाय ‘सगळ्यांनी सिरियसली घ्या’ असं कितीही वेळा लिहिलं, तरी त्यावर अंगठे येतात, फरक पडत नाही.

म्हणून संदेशात कानउघाडणी नको, व्यवहार बदलणारे नियम हवेत. तो बैठक फसल्यावर त्याच रात्री चिडून पाठवू नये. एक दिवस जाऊ द्यावा. सतत न वाचता येणाऱ्यांशी आधी एकेकट्यानं बोलून घ्यावं. कुणी दुपारची नोकरी धरलेली असते, कुणाच्या घरी पेरणी चालू असते, आणि हे गटावर सर्वांसमोर कुणी लिहीत नाही. त्यानंतर पाठवायचा मजकूर साधारण असा:

‘मित्रमैत्रिणींनो, गेल्या काही बैठकांत आपला बराचसा वेळ प्रकरण समजावून सांगण्यात गेला आणि उत्तरं लिहायची राहून गेली. आपण जमतो ते उत्तरं लिहायला आणि तपासायला. नेमलेला भाग जास्त होत होता, हेही यामागचं एक कारण असावं. म्हणून पुढच्या चार आठवड्यांसाठी काही नियम सुचवतो आहे.

नेमणूक छोटी आणि नेमकी असेल. “राज्यपाल पूर्ण” असं न म्हणता “राज्यपालांचे विधिमंडळविषयक अधिकार, कलम २०० आणि २१३” असं ठरवू. दीड तासात वाचून होईल एवढंच नेमायचं.

बैठक सुरू होताच पाच प्रश्न, सात मिनिटं, पुस्तक बंद. प्रश्न काढायची पाळी दर वेळी वेगळ्याची. आपले आपण तपासायचे, गुण कुणाला सांगायचे नाहीत. मग तेच प्रश्न सगळ्यांनी मिळून सोडवायचे.

बैठकीत प्रकरण पहिल्यापासून कुणी शिकवणार नाही. अडलेल्या जागेची शंका जरूर विचारायची.

ज्याचं वाचन झालं नसेल त्यानं तरीही यायचं. कारण सांगायची गरज नाही. पहिली चाळीस मिनिटं बाजूला बसून तोच भाग वाचायचा आणि उत्तरलेखनाला सामील व्हायचं. फक्त त्या दिवशी इतरांची उत्तरं तपासायची नाहीत.

दंड ठेवायचा नाही. यातलं काय बदलायचं ते शनिवारी चहाला बसून ठरवू. चार आठवड्यांनी पुन्हा पाहू आणि जे चाललं नाही ते काढून टाकू.’

यातला पाच प्रश्नांचा नियम सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाअखेर, वर्ग फार मोठे झाले तेव्हा, अशी पद्धत बसवली: विद्यार्थी वाचून येतात, आधी एकट्यानं छोटी चाचणी देतात, मग तीच चाचणी गटानं देतात. एकट्यानं दिलेल्या चाचणीत ज्याचं त्याला कळतं. ‘वर वर वाचलंय’ या वाक्याआड लपता येत नाही. गटाच्या फेरीत, वाचलेल्याला आपलं उत्तर इतरांना पटवावं लागतं. त्यामुळे त्याचंही वाचन पक्कं होतं.

प्रश्न कसे काढायचे, यावर बरंच अवलंबून आहे. ‘राज्यपालांची नेमणूक कोण करतं?’ हे न वाचलेल्यालाही येतं. ‘विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही असलेल्या राज्यात, विधिमंडळ पुन्हा भरल्यावर वटहुकूम जास्तीत जास्त किती काळ टिकतो?’ याला सहा आठवडे हे उत्तर वाचलेल्यालाच देता येतं. ‘धन विधेयक राज्यपाल पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात का?’ हाही तसाच प्रश्न. शकत नाहीत, आणि घाईघाईनं वाचणाऱ्याची नजर कलम २०० मधल्या नेमक्या याच तपशिलावरून घसरते. प्रश्न काढणाऱ्याला असे बारकावे शोधायला प्रकरण दोनदा वाचावं लागतं. ज्याचं वाचन सारखं मागे पडतं त्याच्याकडे ही पाळी लवकर द्यावी.

दंड नको असं मी ठामपणे म्हणतो. बऱ्याच गटांत पहिली सूचना तीच येते: न वाचता आलास तर सगळ्यांना चहा पाज. इस्राएलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दंड लावला. उशीर कमी व्हायच्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. आधी शिक्षिका ताटकळेल म्हणून पालकांना संकोच वाटत होता. दंड आल्यावर उशीर ही विकत घ्यायची सोय झाली. अभ्यासाच्या गटातही चहाचे पैसे दिले की हिशेब मिटतो, आणि ज्याच्या खिशात पैसे कमी त्याला तेवढाच जाच होतो.

नियम लागू पडताहेत का, हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतं. बैठकीअखेर प्रत्येकाचं निदान एक लिहून तपासलेलं उत्तर तयार आहे का, एवढंच पाहावं. चाचणीनंतर कितीजणांचं वाचन झालं नव्हतं, हे नुसते हात वर करून विचारावं. सहापैकी चार-पाच हात वर आले तर दोष नेमणुकीचा आहे, ती निम्मी करावी. दर वेळी तेच एक-दोन हात असतील, तर नियम आणखी कडक करून उपयोग नाही. त्या व्यक्तीशी पुन्हा निवांत बोलावं. अनेकदा कळतं की ती यंदा गट ब च्या वस्तुनिष्ठ परीक्षेवर भर देते आहे आणि दीडशे शब्दांची उत्तरं लिहिणं तिला आत्ता परवडत नाही. मैत्रीखातर ती येत राहते. अशा वेळी तिनं उत्तरलेखनाचा गट सोडावा, हेच दोन्ही बाजूंना सोयीचं. मेसवर एकत्र जेवणं आणि पूर्वपरीक्षेचे प्रश्न मिळून सोडवणं चालू ठेवता येतं.