सत्तर की सतरा?

रेडिओवरच्या आरोग्यविषयक भाषणाला दहा मिनिटं मिळतात. मधुमेह हा विषय दिला की डॉक्टर मंडळी जय्यत तयारी करून येतात. आजार कशाने होतो, पथ्य काय, चालायचं किती, डोळे कधी तपासायचे, पायांची काळजी कशी घ्यायची, असं सगळं कागदावर उतरलेलं असतं. ऐकणारी बाई मात्र त्याच वेळी भाकऱ्या थापत असते. मागचं पान उलटून पाहायची सोय तिला नाही. म्हणून अशा भाषणात एकच गोष्ट धरावी आणि ती शेवटपर्यंत न्यावी. घरातल्या मधुमेहाबद्दल एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती शुगर वाढण्याची नव्हे, एकदम उतरण्याची निवडावी. वाढलेली शुगर बहुधा महिनोन्‌महिने आतून पोखरते. उतरलेली शुगर मिनिटांत माणसाला आडवं करते, आणि तेव्हा जवळ डॉक्टर नसतो. सून असते, नातू असतो.

आता भाषा. ‘हायपोग्लायसेमिया’ कुणी म्हणणार नाही, हे उघड आहे. पण त्याऐवजी ‘रक्तशर्करेची न्यूनता’ म्हटलं म्हणजे भाषण सोपं झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत. गावात लोक ‘शुगर लो झाली’ म्हणतात. रेडिओनेही तेच म्हणावं.

यापेक्षा अवघड खाचखळगे कानाचे असतात. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली, की ती कमी झाली असं धरतात. कागदावर 70 हा आकडा स्वच्छ दिसतो. खरखरत्या रेडिओवर मात्र ‘सत्तर’चं ‘सतरा’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून वाक्य असं हवं: ‘मशीनवर सत्तर दिसलं. सातावर शून्य. किंवा त्याहून कमी. तर थांबायचं नाही.’

दुसरा खड्डा मराठीच्या घडणीतच आहे. आपला नकार वाक्याच्या टोकाला येतो. ‘बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका’ या वाक्यातलं शेवटचं ‘नका’ मिक्सरच्या आवाजात बुडालं, तर काय उरलं? म्हणून नकार आधी यावा आणि वाक्य तोडावं. ‘माणूस बेशुद्ध आहे? तोंड रिकामं ठेवा. त्याला कुशीवर वळवा. 108 ला फोन करा.’ शुद्ध नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जातं आणि जीव गुदमरतो.

भाषणात एक माणूसही लागतो. समजा, एक काकू आहेत, वय बासष्ट. सकाळी नाश्त्याआधी त्या मधुमेहाची गोळी घेतात. आज एकादशी. नाश्ता नाही, पण गोळी सवयीने घेतली गेली. बिनसाखरेचा चहा झाला आणि काकू खुरपणीला गेल्या. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले. छातीत धडधड सुरू झाली. बांधावरच्या झाडाखाली येऊन बसल्या, तरी घाम थांबेना, आणि अंग तर गार. सुनेने काही विचारलं तर त्या एरवी कधी नाही अशा खेकसल्या.

सुनेला वाटलं, ऊन लागलं असेल. चूक इथेच होते. सावलीत बसूनही गार घाम, थरथर, अचानक भूक, विनाकारण चिडचिड, बोलण्यात असंबद्धपणा: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसात हे दिसलं, की आधी शुगरचा संशय घ्यावा. मशीन असेल तर हात धुऊन, पुसून मोजावं. बोटाला फळाचा किंवा गुळाचा अंश असला, तर आकडा खोटा फुगतो आणि कमी झालेली शुगर लपते. मशीन नसेल तर मोजण्यासाठी अडून बसू नये, साखर द्यावी. शुगर कमी नव्हती असं नंतर कळलं, तरी तेवढ्या साखरेने मोठं नुकसान होत नाही.

काकूंच्या मशीनवर आला 58.

आता द्यायची साधारण पंधरा ग्रॅम साखर. पण रेडिओवर ‘ग्रॅम’ म्हणून भागत नाही, चमचा सांगावा लागतो, आणि कुठला चमचा तेही. ‘चहाचा छोटा चमचा. तीन चमचे भरून साखर. अर्धा कप पाण्यात ढवळा. लगेच प्या.’ घरात ग्लुकोजची पावडर असेल तर अधिक चांगलं. बर्फी किंवा चॉकलेट या कामाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. काकू एकादशीचं कारण पुढे करतील, तर सुनेकडे उत्तर आहे: साखर उपासाला चालते! खरी अडचण उपासाची नसतेच. वर्षानुवर्षं ‘साखर म्हणजे विष’ ऐकलेल्या माणसाचा हात साखरेच्या डब्याकडे जात नाही.

मग पंधरा मिनिटं थांबायचं. घड्याळ जवळ नसेल तर रेडिओवरची तीन-चार गाणी होईपर्यंत. ही वाट पाहणं सगळ्यात कठीण जातं. घाबरून घरचे लाडू, केळी, सरबत असा मारा करतात आणि संध्याकाळी शुगर तीनशेच्या घरात जाते. काकूंचं पंधरा मिनिटांनी मोजलं तर 66. वाढली, पण पुरेशी नाही. पुन्हा तेच तीन चमचे, पुन्हा पंधरा मिनिटं. या वेळी 92. आता पोटाला आधार हवा, नाहीतर साखर आली तशी ओसरते. उपास मोडायचा नसेल तर वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी.

इथे बरीच भाषणं संपतात, आणि ते बरोबर नाही. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर शुगर सहसा इतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मात्र शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यांचा असर बराच वेळ टिकतो. म्हातारपणी, विशेषतः मूत्रपिंड थकलेलं असेल तर, आणखी लांबतो. सकाळी सावरलेल्या काकू दुपारी पुन्हा कोसळू शकतात. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, काकूंना दिवसभर एकटं सोडायचं नाही आणि शुगर अधूनमधून मोजत राहायचं. रात्री अंथरूण घामाने भिजणं, वाईट स्वप्नं आणि सकाळी डोकं जड होणं, हीसुद्धा झोपेत शुगर उतरल्याची खूण असू शकते.

गोळी आपल्या मनाने बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलं, तर ते त्या दिवसापुरतं गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलून देतात, किंवा हा उपास नकोच असं स्पष्ट सांगतात. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटंच सोबत न्यावीत. ‘पांढरी, छोटी, गोल’ एवढ्यावरून कुठलाही डॉक्टर गोळी ओळखू शकत नाही.

भाषणाचं शेवटचं वाक्यही म्हणून साधं, तारखेचं असावं: ‘पुढची एकादशी पंधरा दिवसांनी आहे. त्याआधी पाकिटं घेऊन जाऊन या.’