फोटोतला नकाशा आणि सलवातली धूळ

मार्च आला की कुवेतमधल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर हवामानाच्या नकाशाचे फोटो फिरू लागतात. कुणी टीव्हीचा काढलेला, कुणी संगणकाच्या पडद्याचा. खाली प्रश्न एकच असतो: उद्या धूळ आहे का? उत्तर त्या नकाशात बऱ्याच अंशी असते, पण बहुतेकांची नजर भलत्याच ठिकाणी जाते.

ती जाते ‘एल’ या अक्षरावर, म्हणजे कमी दाबाच्या केंद्रावर. कोकणात वाढलेल्या माणसाला कमी दाब म्हटले की पाऊस आठवतो. इथे तसे नाही. जुलैत इराण-पाकिस्तानकडे जो मोठा कमी दाब ठाण मांडून बसतो, तो जमीन तापल्यामुळे तयार झालेला असतो. कुवेतमध्ये तेव्हा समुद्रसपाटीचा दाब साधारण ९९७-९९८ मिलिबार असतो आणि ढगाचा पत्ता नसतो. ‘एच’ आणि ‘एल’ ही फक्त ठिकाणे आहेत. वारा ठरतो तो त्यांच्यामधल्या समदाब रेषांवरून.

आधी फोटो तपासावा. तिरका काढलेला असेल तर वरची अंतरे आकसतात, म्हणून पट्टी नेहमी कुवेतजवळच लावावी. मोजमाप नकाशातच असते: २५ आणि ३० अक्षांशांमधले अंतर सुमारे ५५५ किलोमीटर. मग रेषांवरचे आकडे पाहावेत. कुठे नुसते १२ लिहिलेले असते, ते १०१२; ९८ असेल तर ९९८. लगतच्या दोन रेषांत फरक ४ मिलिबारचा की २ चा, हे न पाहिल्यास वाऱ्याचा अंदाज थेट दुपटीने चुकतो. आणि वेळ. नकाशावर ००, ०६, १२ असे तास असतात ते जागतिक वेळेचे. कुवेतसाठी त्यात ३ मिळवायचे.

आता मार्चमधला एक नमुना घेऊ. ०० तासांचा नकाशा आहे, म्हणजे आपले पहाटेचे ३. मध्य इराकवर कमी दाब, उत्तर सौदी आणि जॉर्डनकडे जास्त दाब. कमी दाबाच्या केंद्रातून नैर्ऋत्येला एक जाड रेषा निघते आणि तिच्यावर त्रिकोण आहेत. ही शीत आघाडी. फोटोत निळा-लाल रंग बऱ्याचदा काळपट दिसतो, पण आकार फसवत नाहीत: त्रिकोण थंड हवेच्या आघाडीचे, अर्धवर्तुळे उष्ण हवेच्या. ती ज्या बाजूला टोचलेली, त्या बाजूला आघाडी सरकते. उष्ण आघाडी या वाळवंटात सहसा अशक्त असते; कधी थोडे ढग, कधी नकाशावर रेखाटलेलीसुद्धा नसते.

शीत आघाडी कुवेतपासून ३२० किलोमीटर पश्चिमेला आहे. सहा तास आधीच्या नकाशावर ती आणखी २४० किलोमीटर मागे होती, म्हणजे वेग ताशी ४०. तोच राहिला तर ती आठ तासांत, सकाळी अकराच्या सुमारास पोहोचेल. तोपर्यंत कुवेतच्या किनाऱ्यावरच्या सलवात वारा आग्नेयेकडून, आखाताची दमट हवा घेऊन येईल. त्या वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा: कमी दाब डाव्या बाजूला, पश्चिमेकडे. आघाडी ओलांडली की वारा वायव्येचा होतो, दाब चढू लागतो, तापमान उतरते. पुन्हा पाठ करा. डावा हात आता ईशान्येकडे, इराणकडे असतो. कमी दाब पुढे निघून गेलेला असतो.

धूळ आणतो तो हाच वायव्य वारा, कारण त्याच्या वाटेवर दक्षिण इराकची कोरडी मैदाने आहेत. तो किती जोरकस? आघाडीच्या मागे ४ मिलिबार फरकाच्या दोन रेषा २०० किलोमीटरवर असतील, तर या अक्षांशावर १७ हजारांना २०० ने भागावे: ताशी ८५ किलोमीटर. हा वेग जमिनीपासून शेकडो मीटर उंचावरचा. घर्षणामुळे जमिनीवर त्याच्या निम्म्याच्या आसपास उरतो, झोत मात्र त्याहून बरेच वर जातात. एवढा वारा कोरडी माती उचलायला पुरतो. रेषा ५०० किलोमीटरवर असतील, तर नकाशावरची आघाडी कितीही ठसठशीत दिसो, फारसे काही होत नाही.

२५ मार्च २०११ ला, शुक्रवारी, कुवेतवर धुळीची भिंत चालून आली ती शीत आघाडीबरोबरच. दिवसाढवळ्या अंधार झाला होता.

या वाचनाला मर्यादा आहेत. समदाब रेषा धूळ दाखवत नाहीत. आठवडाभर आधी पाऊस पडून माती ओली असेल, तर तोच वारा बराच स्वच्छ येतो. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा धुळीची भिंत उभी करते, पण ती इतकी स्थानिक असते की या नकाशावर तिचा मागमूस नसतो. रेषा विरळ असल्या तर सलवासारख्या किनाऱ्यावर दुपारचा समुद्री वाराच राज्य करतो, तोही नकाशात नाही.

म्हणून फोटो पुढे पाठवताना त्यावरची तारीख आणि तास कापू नका. फिरत फिरत आलेला नकाशा कालचा असेल, तर आघाडी एव्हाना इराणात पोहोचलेली असते.