गोदाम जळालं, माल विम्यात होता. बुडालेल्या नफ्याचं काय?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी व्यापाऱ्यांचा माल भिवंडीजवळच्या पूर्णा, राहनाळ, काल्हेर भागातल्या गोदामांत असतो. आग लागली की जळालेल्या मालाचे पैसे फायर पॉलिसी देते. पण पुढचे चार महिने विक्री निम्मी झाली, पगार मात्र चालूच राहिले, तर? त्यासाठी वेगळी पॉलिसी असते, लॉस ऑफ प्रॉफिट. आज तिच्या क्लेमचं पत्र.

आधी एक अट. मालाचा किंवा इमारतीचा फायर क्लेम मान्य झाला, तरच नफ्याचा क्लेम उभा राहतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या युनिट्सचंही नुकसान झालं. अशा वेळी ज्याच्या काचा-पत्रे उडाले त्याची केस वेगळी, आणि फक्त रस्ता बंद म्हणून ज्याचं शटर खाली राहिलं त्याची वेगळी. दुसऱ्याला पॉलिसीत 'प्रवेशबंदी'चं जादा कलम घेतलेलं असावं लागतं.

आता हिशोब. एक उदाहरण धरू, आकडे माझेच. डोंबिवलीचा एक पंखे आणि एलईडी दिव्यांचा व्यापारी. गोदाम भिवंडीला, आग १ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. गेल्या आर्थिक वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख, निव्वळ नफा २४ लाख.

इथेच पहिली चूक होते. लोक नफा-तोटा खात्यातला ग्रॉस प्रॉफिट उचलतात, किंवा सरळ बुडालेली विक्रीच मागतात. पॉलिसीचा ग्रॉस प्रॉफिट म्हणजे निव्वळ नफा अधिक विम्यात नोंदवलेले स्थिर खर्च: भाडं, पगार, कर्जाचं व्याज. हे आपल्या व्यापाऱ्याचे २४ लाख. दोन्ही मिळून ४८ लाख, म्हणजे विक्रीच्या २० टक्के.

पुढे, आग लागली नसती तर विक्री किती झाली असती? गेल्या वर्षी ऑक्टोबर ते जानेवारीत १ कोटी होती. यंदा एप्रिल ते सप्टेंबर विक्री १० टक्के जास्त चालली होती. म्हणून १ कोटी १० लाख धरायचे. प्रत्यक्षात कल्याणला तात्पुरतं गोदाम घेऊन ६० लाखांची विक्री झाली. घट ५० लाख, तिचे २० टक्के म्हणजे १० लाख.

त्या गोदामाचा जादा खर्च २ लाख. हा मिळतो, पण त्याने जेवढा नफा वाचवला तेवढ्यापुरताच. इथे त्यामुळे ३० लाखांची विक्री वाचली, तिचा नफा ६ लाख, म्हणून २ लाख मान्य. जुन्या गोदामाचं भाडं चार महिने द्यावं लागलं नाही, ते १ लाख ६० हजार वजा. उरले १० लाख ४० हजार.

आणि मग विमा रक्कम! वाढीचा कल धरून वर्षाची विक्री २ कोटी ६४ लाख, तिचे २० टक्के ५२ लाख ८० हजार. विमा घेतलेला ४४ लाखांचा. म्हणजे सहा भागांपैकी पाचच. देणं होतं साधारण ८ लाख ६७ हजार. पॉलिसीत पहिले काही दिवस वगळण्याची अट असेल तर आणखी कमी. मला विचाराल तर दरवर्षी नूतनीकरणाला जुनाच आकडा टाकणं ही सगळ्यात महाग सवय.

पत्रात हे सगळं एका पानावर बसतं. सुरुवात साधी: 'पॉलिसी क्रमांक अमुक अन्वये १ ऑक्टोबरच्या आगीमुळे झालेल्या नफाहानीचा दावा सादर करीत आहोत. गणना जोडपत्र १ मध्ये, सीएचं प्रमाणपत्र जोडपत्र २ मध्ये.' मग प्रत्येक आकड्यासमोर कागद: तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, महिनावार जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, तात्पुरत्या गोदामाचा भाडेकरार.

बिलं गोदामातच जळाली असतील तर घाबरू नका. विक्रीची आकडेवारी जीएसटी पोर्टलवर असते, खरेदीची पुरवठादारांकडून पुन्हा मिळते, ई-वे बिलंही मदतीला येतात. पण सर्व्हेअर हेच कागद एकमेकांशी ताडून बघतो. बिलाशिवाय झालेली रोखीची विक्री पत्रात लिहिली आणि रिटर्नमध्ये नसेल, तर ती धरली जात नाही. बँकेला कॅश क्रेडिटसाठी फुगवून दिलेलं स्टॉक स्टेटमेंट याच टेबलावर उघडं पडतं.

वेळेचं लक्षात ठेवा. आगीची सूचना ताबडतोब द्यायची, पण हे अंतिम पत्र नुकसानभरपाईचा काळ संपल्यावर ३० दिवसांत द्यायचं असतं. आपला व्यापारी ३१ जानेवारीला मूळ विक्रीवर परतला, तर मार्च उजाडताच पत्र पोहोचायला हवं. मधल्या काळात पगार अडत असतील तर अंतरिम रकमेची लेखी मागणी करता येते.