बारवरचे किलो आणि पाठीवरचे किलो

खांद्यांवर बार घेऊन खाली बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे, एवढाच स्क्वॉटचा व्यायाम. जिममधला नेहमीचा मोठा बार रिकामा असतानाच २० किलोचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्लेटा चढवल्या जातात. शरीर आणि बार मिळून जे एकत्रित वजन होते, त्याचा तोल पावलाच्या मधोमध, म्हणजे साधारण बुटाची नाडी बांधतो त्या जागेखाली, राहावा लागतो. बाजूने पाहिले तर बार खाली जाताना आणि वर येताना त्या बिंदूच्या वर जवळजवळ सरळ रेषेत फिरला पाहिजे. तो पुढे सरकला की टाचा उचलल्या जातात आणि मागे गेला की माणूस मागे कलंडतो. स्क्वॉटमध्ये ‘फॉर्म’ म्हणतात तो या रेषेभोवती घोटा, गुडघा, कंबर आणि पाठ कशी वाकतात त्याला.

कॉलेजच्या संघात नव्याने आलेल्या मुलाला मात्र प्रशिक्षक आधी प्लेटा काढायला लावतात, आणि ते त्याला बहुतेक वेळा अपमानासारखे वाटते. बारवर किती किलो आहेत हे सगळ्यांना दिसते, मोजता येते, मित्रांना सांगता येते. त्यातले किती किलो मांड्यांनी उचलले आणि किती पाठीने, हे कुणालाच दिसत नाही. प्रशिक्षकाचा मुद्दा नेमका तिथे असतो. बारवर तेवढ्याच प्लेटा असताना केवळ शरीराचा कोन बदलला, तर पाठीवरचा भार बदलतो, आणि तो थोडाथोडका नव्हे.

हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. कंबरेचा सांधा हा टेकू आणि खांद्यांवरचा बार हे वजन. दोघांमधले आडवे अंतर जितके जास्त, तितकी पाठीच्या आणि नितंबाच्या स्नायूंना ओढ जास्त. कंबरेपासून बारपर्यंतची लांबी ५० सेंटिमीटर धरू. पाठ उभ्या रेषेपासून ३५ अंश पुढे झुकली असेल, तर बार कंबरेच्या सुमारे २९ सेंटिमीटर पुढे असतो. तीच पाठ ५० अंश झुकली, तर हे अंतर ३८ सेंटिमीटर होते. आता बारवर ६० किलो आहेत असे समजू. ५० अंश झुकलेल्या स्थितीत कंबरेच्या सांध्याशी त्यांची ओढ, ३५ अंशांच्या स्थितीतल्या ८० किलोंएवढी भरते. प्लेटा ६० किलोच्याच राहिल्या, पण पाठीला हिशेब ८० किलोचा चुकवावा लागला. मांड्यांना त्यातून जादा काहीच मिळाले नाही.

हे घडते ते बहुतेक वेळा वर येताना. खाली बसल्यावर उठायला सुरुवात केली की कंबर झपाट्याने वर जाते, गुडघे जवळजवळ सरळ होतात, पण बार मात्र जागचा हलत नाही. मग उरलेले काम वाकलेली पाठ सरळ करून उरकावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ‘उचलला की!’ असे वाटते. प्रत्यक्षात मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू कमी पडले, म्हणून शरीराने गुडघा आधीच सरळ करून त्यांच्यावरचा भार काढला आणि तो कंबरेकडे ढकलला. एखाद्या खेळाडूची उंच उडी वाढावी म्हणून स्क्वॉट करून घेतला जात असेल, तर ज्या स्नायूसाठी हा खटाटोप तोच सुटीवर गेलेला असतो. अशा वेळी ‘छाती वर, छाती वर’ असे ओरडून फारसे साधत नाही. वजन १० ते १५ टक्क्यांनी उतरवले की कंबर आणि खांदे पुन्हा एकाच वेगाने वर येऊ लागतात.

दुसरी पळवाट खोलीची. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत कंबरेच्या सांध्याजवळचा मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला, तरच स्क्वॉट ग्राह्य धरतात. हा नियम उगाच कडक केलेला नाही. उठताना सगळ्यांत अवघड टप्पा मांडी जमिनीला समांतर होऊन थोडी वर आल्यावर येतो. त्याच्याही वर तरफेची अंतरे कमी होत जातात आणि काम सोपे होते. म्हणून पूर्ण बैठकीत ६० किलो जेमतेम उचलणारा मुलगा अर्ध्यावरून परत फिरत ९० किलो सहज उचलून दाखवतो. पण मणक्यावर ते ९० किलो पूर्ण ९० किलोच असतात, कारण पाय किती वाकले हे मणक्याला माहीत नसते. अर्धा स्क्वॉट अनुभवी खेळाडूंना विशिष्ट हेतूने देतात, त्यात गैर काही नाही. नवख्याने मात्र तो पूर्ण स्क्वॉटच्या खात्यावर मांडू नये.

खोल बसण्याची भीती जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातले कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात असे मांडले आणि ते मत क्रीडाशिक्षकांत झपाट्याने पसरले. पुढच्या संशोधकांना तसा परिणाम आढळला नाही, पण भीती मात्र टिकून राहिली. तिचेच धाकटे भावंड म्हणजे ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही’ हा सल्ला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्क्वॉट करणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर आडवी फळी उभी करून गुडघे पुढे जाणे रोखले. गुडघ्यावरची पिळवटणारी ओढ १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आली खरी, पण कंबरेची २८ वरून ३०३ वर गेली. गुडघा वाचवायला निघालेल्यांनी भार कंबरेवर लोटला, एवढाच याचा अर्थ. टाच जमिनीला टेकलेली असेल आणि गुडघा पावलाच्याच दिशेने जात असेल, तर तो बोटांच्या थोडा पुढे गेल्याने निरोगी गुडघ्याचे काही बिघडत नाही.

जपायचे ते गुडघा आत वळण्यापासून. वर येताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकू लागले, तर भार नितंबाच्या बाजूच्या स्नायूंना झेपत नाही असे समजावे. कसलेल्या वेटलिफ्टरांमध्येही क्षणभर असा झोल दिसतो, त्यामुळे दिसला की घाबरण्याचे कारण नाही. पण वजन वाढवेल तसा तो वाढत असेल, किंवा एकाच गुडघ्यात दिसत असेल, तर थांबायला हवे. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता दिशा बदलताना गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटतो, तेव्हा गुडघा अनेकदा असाच आत कोसळलेला असतो. कबड्डी, बास्केटबॉल, फुटबॉल खेळणाऱ्याने जिममध्ये तीच चाल भाराखाली पुन्हा पुन्हा गिरवावी, हे काही शहाणपणाचे नाही.

टाचा उचलल्या जातात त्याचे मूळ बहुधा घोट्यात सापडते. ते तपासायला भिंत पुरते. अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला नाही, तर घोटा आखडलेला आहे. पोटऱ्यांचा ताण रोज थोडा काढावा आणि तोवर टाचांखाली पातळ प्लेट किंवा लाकडी पट्टी घ्यावी. मऊ तळव्याचे पळण्याचे बूट इथे नकोत, कारण भाराखाली ते दबतात आणि तोल डळमळतो. आखाड्यातून आलेल्या मुलांची अडचण थोडी वेगळी असते. जोरबैठकांतल्या बैठकीत चवड्यांवर येऊन झपझप उठण्याची पद्धत आहे, आणि अंगाच्या वजनावर शेकड्यांनी मारायला ती उत्तमच आहे. खांद्यावर बार आला की मात्र ती सवय मोडावी लागते.

हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पहिल्या वर्षाला आलेला कबड्डीचा एक चढाईपटू आहे. स्वतःचे वजन ६५ किलो, आणि आपण ९० किलोचा स्क्वॉट मारतो असे तो सांगतो. मोबाइल कंबरेच्या उंचीवर, बाजूने ठेवून चित्रण केले, तर मांडी समांतर रेषेच्या बरीच वर थांबते आणि उठताना कंबर आधी सुटते. समोरून पाहिल्यावर डावा गुडघा आत जाताना दिसतो. प्रशिक्षक आधी काही दिवस त्याच्याकडून छातीशी डंबेल धरून स्क्वॉट करून घेतात. वजन पुढे असल्याने पाठ आपोआप उभी राहते आणि खोल बसायला तोल मिळतो. मग बार, ४० किलो, पाच-पाच रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. दर वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलोची भर.

या गतीने तो आठव्या सत्रात ५७.५ किलोवर येतो. त्या दिवशी शेवटच्या सेटच्या चौथ्या आणि पाचव्या रेपला कंबर पुन्हा आधी उठलेली चित्रणात दिसते. पुढच्या वेळी ६० नाही, ५२.५. तिथून पुन्हा अडीच-अडीच किलोंनी वर. ५७.५ किलोला पाचवा रेप पहिल्यासारखाच दिसला, आणि आणखी दोन मारता आले असते असे वाटले, की ६० किलोची पाळी. वजन वाढवायचेच आहे, ताकद त्याशिवाय येत नाही. किती वाढवायचे ते शेवटचा रेप ठरवतो. अंगमेहनतीत तरबेज मुलांना हे फार सावकाश वाटते, पण अडीच किलो म्हणजे थोडे नव्हेत. सहा आठवडे एकही सत्र न अडखळता टिकले, तर सुमारे ३० किलो होतात.

फॉर्मच्या नावाखाली सगळ्यांना एकाच साच्यात बसवणेही चूक आहे. मांडीचे हाड लांब असलेल्या मुलाला तोल राखण्यासाठी जास्त झुकावेच लागते. त्याची पाठ शेजाऱ्याइतकी उभी दिसत नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. पावलांतले अंतर, बोटांचा बाहेरचा कोन, बार मानेच्या बुडाशी ठेवायचा की थोडा खाली, हे प्रत्येकाचे वेगळे असते. पाहायचे ते पहिला रेप आणि शेवटचा रेप सारखे आहेत का, एवढेच. अगदी खाली गेल्यावर कंबरेचा कणा थोडासा गोल होणेही बहुतेकांत आढळते. तो ठळकपणे गोल होत असेल आणि वजन वाढेल तसा आणखी वाढत असेल, तर खोली दोन बोटे कमी करावी.

श्वासाचे तंत्र शेवटी शिकवले तरी प्रत्येक रेप सुरू होतो त्याच्यापासूनच. उभे असतानाच पोटात श्वास भरायचा, कुणी गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करायचे, खाली जाऊन अवघड टप्पा ओलांडेपर्यंत तो धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. पोटातल्या या दाबामुळे मणक्याला समोरून आधार मिळतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून धरू नये. रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्या बार सर्वांत खाली येतो त्या उंचीच्या दोन बोटे खाली लावायच्या. मग रेप अडकलाच, तर पाठ वाकवून झुंजावे लागत नाही. आणखी थोडे खाली बसून बार दांड्यांवर ठेवायचा आणि खालून बाहेर पडायचे. हे नव्या मुलाकडून पहिल्याच दिवशी, रिकाम्या बारवर करवून घेतात.