आधी शेगडी ठरवा, मग भांडी

लातूर-नांदेडहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या मुलामुलींना घराची किल्ली मिळाली, की पहिली फेरी बहुधा तुळशीबागेत होते. भांडी चकचकीत, भाव घासाघिशीत उतरणारा. हात रिकामा राहत नाही. पण यादी लिहायची तर पहिल्या ओळीवर भांडं नको, इंधन हवं. कुठली भांडी चालतील हे त्यावरच ठरतं.

पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. एजन्सीत मिळतोच, काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. भाडेकरार हातात यायच्या आत चूल पेटवायची असेल तर हा मार्ग सोपा. सिलिंडर उभा, शेगडी त्याहून उंच ओट्यावर. जोडल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर गॅस गळतोय.

बरेच जण मात्र इंडक्शन घेतात, आणि तिथे दोन ठिकाणी अडतं. पहिलं, सॉकेट. बहुतेक इंडक्शन शेगड्या पूर्ण आचेवर १६०० ते २००० वॅट ओढतात. साधं सहा ॲम्पिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॅट सोसतं. स्वयंपाकघरात सोळा ॲम्पिअरचं मोठं सॉकेट आहे का, हे घर बघतानाच पाहावं. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी चालवली, की प्लग गरम होतो, जळका वास येतो.

दुसरं, बूड. घरून आईने दिलेली ॲल्युमिनियमची कढई इंडक्शनवर तापतच नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकावं; सपाट बुडाला ते घट्ट चिकटलं तर भांडं चालेल.

आता एका माणसाची भांडी. पाच लिटरचा कुकर, आयएसआय छाप पाहून, आणि आत मावणारे दोन डबे: खाली डाळ, वर भात. तीन लिटरचा स्वस्त पडतो, पण त्यात दोन डबे दाटीवाटीने बसतात. डाळ डब्याऐवजी थेट कुकरात लावली, तर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नये. फेस शिटीत अडकतो. जादा रबर त्याच दिवशी घ्यावं, कारण जुनं सैल पडलं की वाफ झाकणाकडून सुटते आणि शिटी होत नाही.

याशिवाय लोखंडी तवा, कढई, दुधाचं पातेलं, पोळपाट-लाटणं, सुरी, सांडशी आणि मिसळणाचा डबा. बाकी घरासाठी बादली-मग, केरसुणी, सुपली, कपडे वाळवायची दोरी. पाणी ठराविक वेळीच येत असेल, तर झाकणाचा, तोटीचा पिंप पहिल्याच दिवशी लागतो.

बत्तीस नगांचा डिनर सेट आणि मिक्सर पहिल्या पगारानंतर घ्यावा. तोवर दोन ताटं, चार वाट्या आणि दोन पेले पुरतात.